क्रिएटिनमुळे शुक्राणू कमी होतात का? संशोधन नेमकं काय सांगतं?

कुर्ल्यात नेहरूनगर असो की एलबीएस रोड, संध्याकाळी सातनंतर कुठल्याही जिममध्ये शिरलात तर शेकरमध्ये पांढरी पावडर ढवळणारा एखादा तरुण दिसतोच. ती बहुतेक वेळा क्रिएटिन असते. त्याच जिममध्ये हा सल्लाही कानावर पडतो : "लग्न ठरलंय ना भाई? मग क्रिएटिन बंद कर. नंतर पोरं होत नाहीत."

हेच वाक्य रील्समधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असतं. कुणी 'अभ्यासात सिद्ध झालंय' म्हणतं, कुणी 'सगळं खोटं आहे' म्हणून हसण्यावारी नेतं. मग खरं काय?

थोडक्यात उत्तर असं : क्रिएटिन घेतल्याने पुरुषाचे शुक्राणू कमी झाले, असं दाखवणारा मानवी प्रयोग झालेला नाही. पण शेकडो पुरुषांना क्रिएटिन देऊन, आधी आणि नंतर त्यांचं वीर्य तपासून 'काहीही होत नाही' असं दाखवणारा मोठा प्रयोगही झालेला नाही. म्हणजे 'धोका सिद्ध झालाय' हे चूक आहे आणि 'पूर्ण सुरक्षित असल्याचं सिद्ध झालंय' हेही जरा जास्तच आहे. या दोन टोकांच्या मध्ये जे माहीत आहे, ते समजून घेऊ.

क्रिएटिन म्हणजे काय?

क्रिएटिन हे हार्मोन नाही आणि स्टेरॉइडही नाही. आपलं शरीर ते स्वतः तयार करतं, रोज साधारण १ ग्रॅम. मटण, चिकन आणि मासे खाणाऱ्यांना जेवणातून आणखी सुमारे १ ग्रॅम मिळतं. शाकाहारी माणसाला जेवणातून ते जवळजवळ मिळत नाही. शरीरातलं सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये साठलेलं असतं.

त्याचं काम सोपं आहे. वजन उचलताना पेशीतली ऊर्जा काही सेकंदांत संपते. ती झटपट पुन्हा भरून द्यायला क्रिएटिन मदत करतं. मोबाइलची बॅटरी संपत आली की आपण पॉवर बँक लावतो, तसंच हे. जिममध्ये घेतला जाणारा नेहमीचा डोस म्हणजे दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट.

शुक्राणूंचा आणि क्रिएटिनचा संबंध आहे का?

आहे, पण अफवेच्या उलट दिशेने.

शुक्राणूच्या डोक्यामागे ऊर्जा तयार करणारा भाग असतो आणि त्यामागे लांब शेपटी. पोहायचं तर ती शेपटी सतत हलत राहायला हवी आणि त्यासाठी ऊर्जा शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचायला हवी. १९८० च्या दशकात समुद्रातल्या सी अर्चिन या प्राण्याच्या शुक्राणूंवर काम करताना शास्त्रज्ञांना दिसलं, की ही वाहतूक क्रिएटिनच्या मदतीने होते. पुढे उंदरांच्या शुक्राणूंना प्रयोगशाळेच्या बशीत क्रिएटिन दिल्यावर ते जास्त वेळ सक्षम राहिले आणि कमी शुक्राणू वापरूनही फलन साधलं, असं २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं.

यावरून 'क्रिएटिन प्या, शुक्राणू वाढवा' असा निष्कर्ष मात्र काढू नका. बशीतल्या शुक्राणूंवर थेंब टाकणं वेगळं आणि माणसाने पावडर पिणं वेगळं. पिलेल्या पावडरपैकी बहुतेक भाग स्नायूंमध्ये जातो किंवा लघवीतून बाहेर पडतो. एवढं मात्र म्हणता येतं, की शुक्राणूंसाठी क्रिएटिन हा काही परका, विषारी पदार्थ नाही. ते त्याचा वापर करतात.

मग भीती आली कुठून?

तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आली आणि सोशल मीडियावर तिन्हींची खिचडी झाली.

पहिलं ठिकाण म्हणजे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास. त्यात कॉलेजमधले २० रग्बी खेळाडू होते. त्यांनी आठवडाभर रोज २५ ग्रॅम आणि पुढचे दोन आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतलं. टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक पडला नाही. पण टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे हार्मोन पहिल्या आठवड्यानंतर ५६ टक्क्यांनी वाढलं. 'क्रिएटिनमुळे हार्मोन बिघडतात', 'टक्कल पडतं' आणि 'मूल होत नाही' या तिन्ही गोष्टी याच आकड्यावर उभ्या आहेत.

५६ टक्के हा आकडा घाबरवणारा वाटतो. पण ती वाढ झाली कुठून कुठे? सुरुवातीची पातळीच कमी होती आणि वाढल्यानंतरही ती सामान्य मर्यादेतच राहिली. शिवाय या अभ्यासात ना कुणाचे केस मोजले, ना कुणाचं वीर्य तपासलं. २०२५ मध्ये इराणमध्ये व्यायाम करणाऱ्या पुरुषांना १२ आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन देऊन डीएचटी आणि केस दोन्ही तपासले गेले. क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. टेस्टोस्टेरॉनवर झालेल्या डझनभर अभ्यासांपैकी बहुतेकांत काहीच बदल नव्हता. दोनांत किरकोळ वाढ दिसली, पण शरीराच्या दृष्टीने तिला अर्थ नव्हता.

आणखी एक मुद्दा. डीएचटी वाढलं म्हणजे शुक्राणू कमी होणार, हे गणितच मुळात बरोबर नाही. केस गळतीसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड हे औषध डीएचटी कमी करतं आणि काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या या औषधानेच घटते. क्रिएटिनची भीती बाळगणारा, पण केसांसाठी ही गोळी रोज घेणारा तरुण चुकीच्या डब्याकडे बोट दाखवत असू शकतो.

नावांचा घोळ

भीतीचं दुसरं कारण म्हणजे सारखी दिसणारी नावं.

वीर्यावरचे शोधनिबंध चाळताना 'क्रिएटिन काइनेज जास्त असलेले शुक्राणू निकृष्ट' असं वाक्य सापडतं. ते खरं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे काम झालं. पण क्रिएटिन काइनेज हे शुक्राणूतलं एक एन्झाइम आहे, डब्यातली पावडर नव्हे. शुक्राणू पूर्ण तयार होताना आपल्यातला जादा ऐवज टाकून देतो. तो टाकायचा राहिला, तर शुक्राणू अर्धवट राहतो आणि त्यात हे एन्झाइम जास्त सापडतं. म्हणजे ते कच्चेपणाचं लक्षण आहे, कारण नाही. खोलीत धूर दिसला म्हणून धुरानेच आग लावली असं आपण म्हणत नाही.

तिसरं नाव क्रिएटिनिन. हे क्रिएटिन वापरून झाल्यावर उरणारं टाकाऊ द्रव्य. किडनीच्या तपासणीत हेच मोजतात. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये ते थोडं वर दिसू शकतं. त्याचा शुक्राणूंशी संबंध नाही. मात्र रक्ततपासणीआधी 'मी क्रिएटिन घेतो' हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका, नाहीतर उगाच किडनीची चिंता मागे लागते. आधीपासून किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊच नये.

खरा गुन्हेगार : 'सुई'

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे. जिममध्ये शरीर कमावून नंतर मूल न झालेले पुरुष खरोखर असतात. आजूबाजूच्यांना त्यांच्या बॅगेत क्रिएटिनचा डबा दिसलेला असतो. सुई दिसलेली नसते.

टेस्टोस्टेरॉन आणि इतर स्टेरॉइडची इंजेक्शनं शुक्राणू कसे थांबवतात, हे चांगलं माहीत आहे. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडून वृषणांना कामाचा आदेश देते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं, की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. आदेश थांबतो आणि शुक्राणूंचं उत्पादनही थांबतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं गेलं. त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही.

चांगली बातमी अशी, की अशा गर्भनिरोधक चाचण्यांमध्ये इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत आले. सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश आणि वर्षभरात ९० टक्के पुरुष पुरेशा संख्येपर्यंत पोहोचले. पण तिथे डोस ठरलेला होता आणि डॉक्टर लक्ष ठेवून होते. जिममध्ये दोन-तीन औषधं एकत्र, मोठ्या डोसमध्ये आणि वर्षानुवर्षं घेतली जातात. तिथे परत येण्याला जास्त वेळ लागू शकतो.

क्रिएटिन या साखळीत कुठेही बसत नाही. ते मेंदूला टेस्टोस्टेरॉनचा खोटा संदेश देत नाही.

डब्यात फक्त क्रिएटिनच आहे ना?

इथे मात्र काळजीला जागा आहे. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट तपासली होती. त्यांच्या लेबलवर हार्मोनचा उल्लेख नव्हता. तरी ९४ नमुन्यांत, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, स्टेरॉइडच्या गटातले पदार्थ सापडले. हा अभ्यास २००४ मधला आहे आणि ती सगळी काही क्रिएटिनची पाकिटं नव्हती. पण डब्यावर जे लिहिलंय तेच आत असेल असं नाही, एवढं त्यातून कळतं.

म्हणून घटकांच्या यादीत 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' एवढंच लिहिलेला, सीलबंद डबा घ्या. 'टेस्ट बूस्टर', 'मास स्टॅक' असली मिश्रणं टाळा. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जिममध्ये सुट्या पिशवीत मिळणारी पावडर घेऊ नका. आणि पावडरमुळे दोन आठवड्यांत छाती-खांदे भलतेच फुगले, चेहऱ्यावर-पाठीवर मुरुमांचा उद्रेक झाला किंवा स्तनाग्रांमागे दुखरी गाठ लागली, तर ते क्रिएटिनचं लक्षण नाही. आत दुसरं काहीतरी असल्याची शंका घ्या. भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यांचं मुख्यालय कुर्ल्याला लागून असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे.

रिपोर्ट खराब आला तर? एक उदाहरण

आता हे सगळं एका उदाहरणात बघू. माणूस काल्पनिक आहे, पण अशी गुंतागुंत नेहमीची आहे.

समजा, नेहरूनगरमधला २९ वर्षांचा तरुण मे महिन्यापासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतोय. लग्नाला दीड वर्षं झालंय, बाळ होत नाहीये. १० ऑक्टोबरला तो वीर्य तपासणी करतो. रिपोर्ट येतो : प्रमाण १.१ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू, हालचाल करणारे २८ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा अशी आहे : १.४ मिलिलिटर, १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के. म्हणजे तिन्ही आकडे कमी. घाबरून तो त्याच दिवशी क्रिएटिनचा डबा फेकून देतो. जानेवारीच्या मध्यात पुन्हा तपासणी. या वेळी १.९ मिलिलिटर, ३ कोटी ४० लाख, ४६ टक्के. तो मित्रांना सांगतो, "क्रिएटिन सोडलं आणि रिपोर्ट सुधारला." यातून आणखी एक रील तयार होते.

पण थांबा. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याच्या तयारीला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे ऑक्टोबरचा रिपोर्ट हा जुलैच्या मध्यापासूनच्या तीन महिन्यांचा आरसा आहे. त्या काळात काय झालं होतं? ऑगस्टच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला होता, पाच दिवस १०३ ताप. वृषणं शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावीत म्हणूनच ती शरीराबाहेर असतात. तापात तो थंडावा जातो. डेन्मार्कमध्ये निरोगी पुरुषांचं वीर्य महिन्या-महिन्याला तपासणाऱ्या एका अभ्यासात तापानंतरच्या आठवड्यांत शुक्राणूंची संख्या साधारण एक तृतीयांशाने घटलेली दिसली होती.

दुसरं, पहिल्या तपासणीच्या आदल्याच रात्री शरीरसंबंध आले होते. तपासणीआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचं अंतर हवं. अंतर कमी पडलं, की प्रमाण आणि संख्या दोन्ही घटतात. तिसरं, नमुना त्याने घरून नेला आणि एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासाहून जास्त वेळ गेला. उशिराने हालचाल मंदावते.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी ताप जुना झाला होता, अंतर चार दिवसांचं होतं, नमुना लॅबमध्येच दिला होता आणि क्रिएटिन बंद होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या. श्रेय मात्र एकीलाच मिळालं. शिवाय काहीही न बदलताही एकाच पुरुषाच्या दोन रिपोर्टमध्ये मोठा फरक पडतो. म्हणून एका रिपोर्टवर कुणाला 'वंध्यत्व' असा शिक्का मारत नाहीत.

खरं कारण कसं ओळखायचं?

दुसरा रिपोर्टही कमी आला, तर रक्तातली हार्मोन तपासतात : एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन. एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर असतील, तर बाहेरून हार्मोन गेल्याचा तो ठळक पुरावा असतो. मग माणूस 'मी फक्त क्रिएटिन घेतो' म्हणत असला तरी डब्याची किंवा सुईची चौकशी करावी लागते. एफएसएच बरंच वाढलेलं असेल, तर वृषणांच्याच कामात अडचण असण्याची शक्यता असते. आणि डॉक्टर हाताने तपासून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, बघतात. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी तिघांत एकाला तरी त्या आढळतात आणि त्यावर उपचार आहेत. 'क्रिएटिनमुळे झालं असेल' म्हणत वर्ष घालवलं, तर हे कारण तसंच राहून जातं.

तपासणीला कधी जायचं? वर्षभर नियमित प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही तर. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनी. आणि दोघांचीही तपासणी एकाच वेळी, फक्त सुनेची नव्हे. कुर्ल्याहून जवळ असलेल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि परळच्या केईएममध्ये युरोलॉजी विभाग आहेत. तिथे जाताना सप्लिमेंटचा डबा सोबत न्या आणि सुई घेतली असेल तर तेही सांगा. डॉक्टर पोलिसात देणार नाहीत, पण लपवलंत तर उपचार चुकीच्या दिशेने जातील.

मग क्रिएटिन बंद करायचं की नाही?

बाळासाठी प्रयत्न सुरू असताना रोज ३ ते ५ ग्रॅम शुद्ध क्रिएटिन घेणाऱ्याने ते सोडलंच पाहिजे, असं सांगणारा पुरावा नाही. तरी मनात किंतु राहत असेल, तर तीन-चार महिने बंद ठेवा. नुकसान एवढंच, की स्नायूंतलं पाणी थोडं उतरेल आणि शेवटचे दोन रेप्स जड जातील. ते सोडायला हळूहळू डोस कमी करण्याचीही गरज नसते.

पण क्रिएटिन सोडून सिगारेट चालू ठेवली, तोंडात मावा ठेवला, जिमनंतर रोज सॉनात बसलात किंवा 'फक्त एक सायकल' म्हणून सुई घेतलीत, तर सोडायची ती गोष्ट तशीच राहिली.